‘तूच’मधला ‘च’ : एका हम्दच्या काटछाटीविषयी

मराठीत हम्द आणि नात लिहिणाऱ्या तरुणांची कच्ची बाडे आमच्याकडे अधूनमधून येतात. त्यांपैकी गोंदिया जिल्ह्यातून आलेली एक हम्द आम्ही येथे परीक्षणासाठी घेत आहोत. कवीच्या इच्छेवरून त्याचे नाव देत नाही. रचना पाच कडव्यांची आहे. पहिले कडवे चालीत नेमके बसते, आणि पुढची चारही कडवी त्याच चालीत बसत नाहीत. कवीची तक्रार अशी की, वाचताना ओळी सारख्या वाटतात, गाताना मात्र कुठे शब्द उरतात, कुठे चाल उरते. ही तक्रार एकट्या या कवीची नाही. मराठी भाषक मुसलमानांच्या भक्तिरचनांत हा दोष वारंवार आढळतो आणि त्याला कारणही आहे. म्हणून या एका मसुद्याची काटछाट सावकाश, ओळीओळीने पाहणे आम्हाला उपयोगाचे वाटते.

गोंदिया हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला धानाचा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेशाचा बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. येथल्या माणसाच्या कानावर मराठी, झाडीबोली, पोवारी आणि हिंदी एकाच दिवसात पडतात. शिवाय सगळ्या विदर्भाप्रमाणे इथल्या खेड्यांतही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने रुजलेली आहेत. मुसलमान घरातल्या मुलाच्या कानावर या सर्वांत भर म्हणून मिलादच्या उर्दू नाती पडतात. आमच्या कवीचा कान असा अनेक पाण्यांवर वाढलेला आहे. त्याने चाल निवडली ती भजनाची आणि साचा घेतला तो अभंगाचा. यात काही परके नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमारास मराठीत अभंग रचले. हा साचा मुसलमान कवीच्या हातात आला त्याला चारशे वर्षे होत आली.

पहिले कडवे असे :

तूच एक धनी
भूमी आकाशाचा
आमच्या श्वासाचा
मालक तू

हा मोठा अभंग. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक. मोजून पाहावे : तू-च-ए-क-ध-नी, सहा. भू-मी-आ-का-शा-चा, सहा. आ-म-च्या-श्वा-सा-चा, सहा. मा-ल-क-तू, चार. जोडाक्षर एकच धरायचे, म्हणून ‘च्या’ एक आणि ‘श्वा’ एक. लघु-गुरूचा येथे हिशेब नाही. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त छंद, जाती आणि वृत्त असे जे भेद केले, त्यांत अभंग छंदात पडतो : अक्षरांची संख्या तेवढी पाहायची आणि प्रत्येक अक्षराला उच्चारात सारखा वेळ द्यायचा.

चाल आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात आहे. एका चरणाला ठेक्याचे एक आवर्तन. सहा अक्षरे सहा मात्रांवर पडतात, सहावे अक्षर पुढच्या दोन मात्रांवर लांबते आणि त्यातच गाणारा श्वास घेतो. चौथ्या चरणात चार अक्षरे चार मात्रांवर आटोपतात, शेवटचे अक्षर आवर्तन संपेपर्यंत लांबते आणि त्या रिकाम्या जागेत खंजिरी बोलते. ही रचना ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी काटछाट तिच्यावर अवलंबून आहे. प्रत्येक चरणात शेवटचे अक्षर हे ताणाचे अक्षर आहे. पहिल्या कडव्यात ते ‘नी’, ‘चा’, ‘चा’, ‘तू’ असे आहे. चारही दीर्घ आणि मोकळ्या तोंडाने गाता येण्यासारखी. त्यातही शेवटी लांबलेला ‘तू’ हम्दच्या अर्थाला शोभून दिसतो. कवीने हे ठरवून केले असेल असे वाटत नाही; कानाने केले आहे, आणि ते उत्तम केले आहे.

आता दुसरे कडवे, मसुद्यात जसे आले तसे :

रहमान रहीम
अशी तुझी थोर थोर नावे
ओठांवर त्यांनी आमच्या यावे
पहाटेच्या वेळी

अक्षरे : सात, दहा, अकरा, सहा. हव्या बाविसांच्या जागी चौतीस. कवीला मात्र या ओळी जवळजवळ बरोबर वाटल्या होत्या, आणि येथेच रोगाचे मूळ सापडते. बोलताना आपण ‘ओठांवर’ चार अक्षरांत म्हणत नाही, ‘ओ-ठां-वर्’ असे तीन झटक्यांत म्हणतो. ‘आमच्या’ हे ‘आम्-च्या’ असे दोन झटक्यांत निघते. उर्दू नातीच्या बहरमध्ये हेच चालते, कारण तेथे ‘वर्’ हा एक लांब तुकडा धरला जातो. शिवाय शब्दाच्या शेवटचा दीर्घ स्वर गरजेप्रमाणे आखूड म्हणण्याची मुभा शायराला असते. नात ऐकून तयार झालेला कान त्या हिशेबाने मोजतो. अभंगाच्या चालीत मात्र ‘व’ला एक मात्रा आणि ‘र’ला दुसरी मात्रा मिळते, कुणी कुणात लपत नाही. म्हणजे कवीने एका तराजूने तोलून दुसऱ्या तराजूने विकायला काढले. दोन्ही तराजू खरे आहेत, पण गिऱ्हाइकापुढे एकच ठेवावा लागतो.

यावर उपाय सोपा आहे. ओळ लिहिली की ती गाऊ नये आणि वाचूही नये. मांडीवर टाळी देत एका टाळीला एक अक्षर असे बोलावे. ‘ओ, ठां, व, र’. सातवी टाळी पडली की तिथे खूण करावी. आमच्या कवीने हे केले तेव्हा चारही कडव्यांतील गैरबसते शब्द त्याचे त्यालाच दिसले.

काय कापावे, हा मात्र टाळीने सुटणारा प्रश्न नाही. दुसऱ्या चरणात ‘अशी’ हा शब्द नुसता दुवा आहे, त्याच्या जाण्याने काही बिघडत नाही. ‘थोर थोर’ यातला एक ‘थोर’ पुरेसा आहे. ‘तुझी थोर नावे’, सहा. तिसऱ्या चरणात ‘ओठांवर’ऐवजी ‘ओठी’ म्हटले की दोन अक्षरे वाचतात. हा जुन्या सप्तमीचा प्रत्यय अभंगात फार कामाचा आहे : मनामध्ये म्हणजे ‘मनी’, दारामध्ये म्हणजे ‘दारी’. ‘आमच्या’ तर लागतच नाही. हम्द गाणाऱ्याच्या ओठांखेरीज दुसरे ओठ येथे आहेत कुठे? ‘ओठी त्यांनी यावे’, सहा. ‘नावे–यावे’ हे यमक मसुद्यातच होते, ते राहिले.

चौथ्या चरणात कवीने ‘पहाटेच्या वेळी’चे ‘पहाटेस’ केले. प-हा-टे-स, चार. कागदावर निर्दोष. गाऊन पाहिले तेव्हा अडले, कारण ताणाचे अक्षर ‘स’ आले. ‘न’ किंवा ‘म’ने संपणारा शब्द असता तर आधीचे अक्षर लांबवून शेवटी नाकातल्या नाकात तो मिटवता येतो, गुणगुणता येतो. ‘स’ गुणगुणता येत नाही, तो फुसकारतो. एकटा गाणारा सांभाळून घेईल, पण दहाजण गात असले की दहा फुसकारे मागेपुढे निघतात. म्हणून ‘पहाटेला’. अक्षरे चारच, अर्थ तोच, प्रत्यय फक्त बदलला आणि शेवटी मोकळा ‘ला’ मिळाला. मोजणी बरोबर असूनही ओळ चुकू शकते याचे हे चांगले उदाहरण आहे.

राहिला पहिला चरण, ‘रहमान रहीम’. र-ह-मा-न-र-ही-म, सात. एकच अक्षर जास्त, आणि कापायला जागा नाही. अल्लाहच्या नावांत कवीने आपला हात कसा चालवावा? कवीने ‘रहीम रहीम’ करून पाहिले, त्यात एक नाव गेले. ‘रहमान’ एकटेच ठेवून पुढे दोन अक्षरांचे भरताड घालून पाहिले, तेही त्याचे त्यालाच रुचले नाही. बिस्मिल्लाहमध्ये जोडीने येणारी ही दोन नावे आहेत. ज्या कानाने ती रोज जोडीने ऐकली त्याला एक गाळलेले लगेच कळते.

आमचे म्हणणे असे की येथे जास्तीचे अक्षर नावात नाही, आपल्या लेखनात आहे. अरबी उच्चारात ‘ह’नंतर स्वर नाही. तो ‘रह्मान’ आहे. मराठी लेखनाच्या सवयीने आपण ‘ह’ पूर्ण लिहितो आणि बोलताना त्यातला ‘अ’ खाऊन टाकतो. तो अभंगाच्या चालीत मात्र पूर्ण उच्चारावा लागतो आणि नावात नसलेला स्वर नावात शिरतो. ‘रह्मान’ असे लिहिले की र-ह्मा-न अशी तीन अक्षरे होतात. ‘रह्मान रहीम’, सहा. नाव कापले नाही, उलट त्याच्या मूळ उच्चाराजवळ गेले आणि चरण बसला. एक धोका तेवढा आहे. मराठी जिभेला ‘ह्म’ पेलत नाही, ती त्याचे ‘म्ह’ करते. ‘ब्राह्मण’चे ‘ब्राम्हण’ होते ते याचमुळे. गाणाऱ्यांना ‘रम्हान’ म्हणू न देणे ही तालमीतली बाब आहे. दुसऱ्या मात्रेवर आधी ‘ह’चा श्वास, मग ‘मा’, हे चार वेळा म्हणवून घेतले की बसते.

दुसरे कडवे असे झाले :

रह्मान रहीम
तुझी थोर नावे
ओठी त्यांनी यावे
पहाटेला

तिसऱ्या कडव्यावर आमचा आणि कवीचा खरा मतभेद झाला, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच कडवे आहे. मसुदा असा होता :

तुझ्याविना आम्हाला नाही
दुजा कोठे थारा
तूच आमचा एकमेव निवारा
उन्हातला

दुसरा आणि चौथा चरण आधीच बसलेले. पहिल्यातून ‘आम्हाला’ काढले की ‘तुझ्याविना नाही’, सहा. वाक्य अधिक व्यापकही झाले. थारा आम्हालाच नाही असे नव्हे, कुणालाच नाही. तिसऱ्यात बारा अक्षरे आहेत, बरोबर दुप्पट. ‘आमचा’ गेला की नऊ. आता ‘तूच एकमेव निवारा’ यातून तीन अक्षरे काढायची. कवीने काय केले? ‘एकमेव’चे ‘एक’ केले, दोन गेली. उरलेले एक अक्षर म्हणून ‘च’ काढला. ‘तू एक निवारा’. तू-ए-क-नि-वा-रा, सहा. चाल नेमकी बसते, यमक शाबूत आहे, म्हणायलाही गोड आहे.

अर्थ मात्र उलटला. मराठीत ‘एक’ हा शब्द दोन कामे करतो. तो संख्या सांगतो आणि ‘कुणी एक’, ‘असाच एक’ या अर्थानेही येतो. ‘तो एक शिक्षक आहे’ म्हटले तर जगात शिक्षक तेवढाच आहे असे कुणी समजत नाही. ‘तू एक निवारा’ म्हणजे पुष्कळ निवाऱ्यांपैकी तू एक. हम्दमध्ये ही ओळ! कलमा पढणाऱ्याने जे नाकारायचे तेच एका अक्षराच्या काटछाटीने कबूल केल्यासारखे झाले. ‘तूच’मधला ‘च’ हे पादपूरणार्थ अक्षर नव्हते. ‘ला इलाहा इल्लल्लाह’ यात ‘इल्ला’ जे काम करतो, ते मराठीत या ओळीपुरते हा ‘च’ करत होता.

कवीचे उत्तर असे होते की गाण्याच्या ओघात श्रोता ‘एकमेव’ असाच अर्थ घेईल, कारण वरच्याच चरणांत ‘तुझ्याविना नाही दुजा’ असे म्हटले आहे. हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. संदर्भ अर्थाला सावरतो हे खरे. पण भक्तिगीत तुकड्यातुकड्याने लक्षात राहते. तिसरा-चौथा चरण एकत्र गुणगुणला जातो, पहिला-दुसरा विसरला जातो. ‘तू एक निवारा उन्हातला’ एवढेच कुणाच्या तोंडी उरले तर त्याला सावरायला वरची ओळ हजर नसेल. शिवाय पहिल्याच कडव्यात ‘तूच एक धनी’ असे आले आहे. तेथे ‘एक’ नेमका एकत्वाचा अर्थ देतो, तो कोणामुळे? शेजारच्या ‘च’मुळे. तेथला ‘च’ काढून ‘तू एक धनी’ म्हणून पाहावे, म्हणजे अल्लाह गावातल्या सधन माणसांपैकी एक होऊन बसतो.

काटछाट करणाऱ्यांची सर्वसाधारण रीत अशी असते की आधी ‘च’, ‘ही’, ‘ना’ यांसारखी एकाक्षरी अव्यये उडवायची आणि मोठ्या शब्दांना हात लावायचा नाही. एरवीच्या गाण्यात ही रीत चालते. हम्दमध्ये आम्ही ती उलटी करू. येथे ‘एकमेव’ हा चार अक्षरांचा भारदस्त शब्द पूर्ण गेला तरी चालेल, कारण त्याचा सगळा अर्थ ‘च’ एकटा वाहून नेतो. ‘तूच निवारा’, पाच अक्षरे. आता एक अक्षर कमी पडले, आणि ते भरायला तीन वाटा होत्या.

पहिली ‘तूच रे निवारा’. मराठी भक्तिगीतात हा ‘रे’ अंगवळणी पडलेला आहे आणि गायला सुरेख आहे. पण आपल्याकडची वडीलधारी मंडळी अल्लाहला ‘रे’ म्हणण्याला राजी होत नाहीत. ‘तू’ चालतो, उर्दू हम्दमध्येही ‘तू’च आहे, ‘रे’मध्ये मात्र खांद्यावर हात टाकल्यासारखी सलगी आहे. ज्यांच्यासमोर गायचे त्यांना ओळ खटकणार असेल तर ती घेण्यात कवीने काय मिळवले? दुसरी वाट ‘एकच निवारा’. अर्थ चोख, पण ‘तू’ गेला आणि संबोधन तुटले. तिसरी ‘तूच तो निवारा’. हा ‘तो’ नुसते भरताड नाही. तो मागच्या ‘थारा’कडे बोट दाखवतो : ज्यावाचून दुसरा थारा नाही तो निवारा तूच. आम्ही ही वाट सुचवली आणि बऱ्याच चर्चेनंतर कवीने ती घेतली.

तुझ्याविना नाही
दुजा कोठे थारा
तूच तो निवारा
उन्हातला

चौथ्या कडव्यात अडचण आदराची आहे. मसुदा :

हजरत मुहम्मद पैगंबरांनी
शिकवला आम्हाला धडा
त्याच्याविना जन्म कोरडा
वाया जाईल

तेरा, नऊ, नऊ, पाच. पहिल्या चरणात तीन पदे आहेत आणि जागा एकाच पदाची आहे. कवीने आरंभी जुन्या अभंगांतील तृतीया वापरून ‘पैगंबरे दिला’ असे केले होते. पै-गं-ब-रे-दि-ला, सहा. ‘ओठी’ चालते तर ‘पैगंबरे’ का चालू नये, हा त्याचा प्रश्न वाजवी होता. व्याकरणाने चालते. पण ‘पैगंबरे’ हे एकवचन आहे, आणि आजच्या मराठीत मोठ्या माणसाविषयी आपण अनेकवचनात बोलतो. ‘वडिलांनी सांगितले’ म्हणणाऱ्या तोंडाला ‘पैगंबरे सांगितले’ म्हणायला लावणे योग्य नाही. आदराच्या ‘आं’ आणि ‘नी’साठी एक अक्षर मोजावे लागते, ते मोजावे. ‘पैगंबरांनी’, पाच.

येथे एक योग असा की ‘मुहम्मदांनी’ हेही पाचच अक्षरांचे आहे : मु-ह-म्म-दां-नी. म्हणजे नाव घ्यावे की पद, हा निर्णय चालीने कवीवर लादलेला नाही, दोन्ही बसतात. आम्ही ‘पैगंबरांनी’च्या बाजूने आहोत, कारण ‘हजरत’ शब्दाला जागा नसताना नाव उघडे पडते. काही वाचक म्हणतील की पैगंबर तर अनेक झाले. खरे आहे, पण मराठीत नुसते ‘पैगंबर’ म्हटले की आपल्यात कुणाच्या मनात दुसरे नाव येत नाही. शिवाय नाव किंवा पद काहीही असो, ऐकणारे दरूद पढणारच, आणि त्याला वेळ द्यायला हवा. तो चरणाच्या मध्ये देता येत नाही. चौथ्या चरणानंतरच्या रिकाम्या मात्रा त्यासाठी आहेत. या कडव्यानंतर खंजिरीचे एक आवर्तन जास्त वाजवावे, म्हणजे दरूद घाईत उरकावा लागणार नाही. वाद्याविना गाणाऱ्यांनी तेवढेच थांबावे.

सहावे अक्षर म्हणून ‘जो’ घेतला तेव्हा ओळ झाली ‘पैगंबरांनी जो’. मोजणी बरोबर. पण शेवटचे अक्षर ताणाचे असते हे आपण वर पाहिले. गाताना ‘जोऽऽ’ असा लांब सूर लागतो आणि वाक्यातला सर्वांत किरकोळ शब्द सर्वांत मोठा होऊन उभा राहतो. तोच ‘जो’ पुढे आणला : ‘जो पैगंबरांनी’. अक्षरे सहाच, ताण ‘नी’वर. दोन शब्दांची अदलाबदल, पण ऐकणाऱ्याला जमीनअस्मानाचा फरक वाटतो. पुढचे सोपे आहे. ‘शिकवला आम्हाला’चे ‘दिला आम्हा’ झाले, ‘त्याच्याविना’चे ‘त्याविण’ झाले. ‘जन्म’ तिसऱ्या चरणातून चौथ्यात सरकला, तेव्हा ‘वाया’ची गरज उरली नाही, कोरडा गेलेला जन्म वाया गेला हे सांगावे लागत नाही.

जो पैगंबरांनी
दिला आम्हा धडा
त्याविण कोरडा
जन्म जाई

हम्दमध्ये पैगंबरांचे कडवे असावे काय, हम्द वेगळी आणि नात वेगळी, असा आक्षेप एका स्नेह्याने घेतला. आमच्या मते येथे स्तुती अल्लाहचीच चालू आहे आणि धडा कोणी दिला एवढेच सांगितले आहे. तरी ज्यांना खटकेल त्यांनी हे कडवे गाळून गावे. पाचही कडवी एकाच चालीची असल्याने मधले एक गाळता येते, ही एक सोय.

शेवटचे कडवे या मसुद्यातले सर्वांत पसरट आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे :

रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून
चिखलात आम्ही लावतो धान
त्या कामातही तुझे भान
राहू दे

चौदा, अकरा, नऊ, तीन. शेवटचा चरण आखूड आहे हे लक्षात घ्यावे. काटछाट म्हणजे नेहमी कापणेच नव्हे. येथे एक अक्षर घालायचे आहे. पहिल्या तीन चरणांत एकच गोष्ट तीनदा सांगितली आहे. रोवणी म्हटले की धान आले, बांधी म्हटले की चिखल आला, दिवस कोणते ते गोंदियाच्या माणसाला सांगावे लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी एवढे सांगतो की बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा, आणि पऱ्हे उपटून त्यात लावणे म्हणजे रोवणी. कवीच्या मनात आले की ‘बांधी’ हा शब्द पुण्या-मुंबईला कळणार नाही, ‘शेतात’ करावे. ‘शेतात वाकून’ हेही सहाच अक्षरांचे आहे. आम्ही त्याला नको म्हटले. चाल जर दोन्ही शब्दांना सारखीच जागा देत असेल तर गावचा शब्द काढण्याचे कारण काय?

‘बांधीत वाकून’, सहा. दुसऱ्या चरणासाठी कवीने ‘रोवतो मी धान’ असे सुचवले होते. अक्षरे बरोबर सहा आहेत, पण चरण खोटा आहे. या भागात रोवणी मुख्यतः बाया करतात. पुरुष बहुधा चिखलणी करतात, पऱ्ह्याच्या पेंढ्या वाहतात. ‘रोवतो’ हे पुल्लिंगी क्रियापद त्या बायांना त्यांच्याच कामाच्या ओळीतून बाहेर काढते. ही हम्द त्यांनी बांधीत गुणगुणायची तर त्यांना दर वेळी क्रियापद बदलावे लागेल. ‘रोवताना धान’ केले की लिंगाचा प्रश्नच मिटतो. रो-व-ता-ना-धा-न, सहा. ‘आम्ही’ आणि ‘मी’ दोन्ही गेले, आणि कडवे कुणाच्याही तोंडी शोभेल असे झाले. तिसऱ्यात ‘त्या कामातही’ऐवजी ‘मनामध्ये’, आणि चौथ्यात ‘राहू दे’ऐवजी वरच्या चरणातला ‘तुझे’ खाली आणून ‘तुझे राहो’, चार.

बांधीत वाकून
रोवताना धान
मनामध्ये भान
तुझे राहो

‘धान’ आणि ‘भान’ यांत ताणाचे अक्षर ‘न’ आहे. तेथे ‘धा’ आणि ‘भा’ लांबवून ‘न’ शेवटच्या मात्रेवर मिटवायचा. ‘पहाटेस’ला जे साधले नाही ते येथे साधते. ‘वाकून’ही तसेच. या शब्दावर आमचे मन थोडे रेंगाळले. रोवणीतले वाकणे आणि रुकूतले वाकणे कवीने कुठेही जोडून दाखवलेले नाही. मसुद्यातल्या चौदा अक्षरांच्या गर्दीत ते आम्हालाही दिसले नव्हते. सहा अक्षरे उरली तेव्हा दिसले.

एक सूचना आम्ही केली होती, ती कवीने मानली नाही. पहिला चरण पहिल्या कडव्यानंतर ध्रुवपद म्हणून दर वेळी परत म्हणावा असे आम्हाला वाटत होते. त्याचे म्हणणे पडले की ‘उन्हातला’नंतर लगेच ‘तूच एक धनी’ आले की ऐकणाऱ्याला पुढच्या कडव्याची वाट पाहायला उसंत मिळत नाही. ‘पहाटेला’नंतर मात्र ते चालते. म्हणून सध्या तो दुसऱ्या आणि पाचव्या कडव्यानंतरच ध्रुवपद घेतो. गाऊन पाहता त्याचेच बरोबर वाटते.